‘र’वरून राम मंदिर

दादरमध्ये ‘द’ दोनदा येतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटून. लालबागमध्ये ‘ल’चं तसंच. गिरगावात दोन ‘ग’ आहेत, पण मध्ये ‘र’ घुसलाय. गंमत म्हणजे गोरेगावचा साचाही नेमका हाच: ग, र, ग, व. काना-मात्रा झाडून टाकल्या तर गिरगाव आणि गोरेगाव हे एकच गाव. गिरगावातली चाळीतली खोली विकून गोरेगावला टू बीएचके घेणाऱ्यांनी तेवढंच समाधान मानून घ्यावं. परळात मात्र एकही अक्षर दुसऱ्यासारखं नाही. परळकरांचा तो स्वभावच आहे.

हे असलं काहीतरी शोधत बसायचा नाद आमच्या लालबागच्या चाळीला फार जुना आहे. बाकीच्या चाळींत गणपतीच्या जागरणाला गाण्याच्या भेंड्या रंगतात. आमच्याकडे गाणारे तिघे आणि तिघांच्याही गळ्याची मजल्यावर तक्रार, म्हणून कधीतरी गाणी मागे पडली आणि लोकलच्या स्टेशनांच्या भेंड्या सुरू झाल्या. पहिल्याने कुठलंही, समजा ‘परळ’, म्हणायचं, पुढच्याने शेवटच्या अक्षरावरून नवं स्टेशन द्यायचं, एकदा आलेलं स्टेशन पुन्हा चालणार नाही, दहा आकडे मोजेपर्यंत सुचलं नाही तर भेंडी चढली. गाण्यांना अंत नसतो, स्टेशनांना असतो. त्यामुळे आमच्या भेंड्यांना निकाल लागतो आणि निकाल लागतो म्हणून भांडणंही लागतात.

पहिलं भांडण ‘परळ’वरच झालं. मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्द नाही. मग परळ, नेरळ, नेरूळ, विक्रोळी, चिंचपोकळी, भायखळा यांपैकी काहीही म्हणा, समोरच्यावर भेंडी ठरलेली. परळचा एक जावई होता, तो खेळ सुरू होताच ‘परळ’ म्हणायचा आणि चहा प्यायला निघून जायचा. शेवटी कायदा झाला की ‘ळ’ आला तर ‘ल’ धरायचा आणि ‘ण’ आला तर ‘न’. जावई पुढच्या वर्षी आला नाही.

दुसरं भांडण जास्त शास्त्रीय होतं. काही स्टेशनं अशी आहेत की ज्या अक्षराने सुरू होतात त्याच अक्षरावर संपतात. तुम्हाला ‘म’ आला, तुम्ही ‘माहीम’ म्हणालात, की ‘म’ जसाच्या तसा समोरच्याच्या पदरात. याला आमच्याकडे ‘रिटर्न तिकीट’ म्हणतात. आता रिटर्न खरं कुठलं, यावर मास्तर अडले. त्यांची उभी हयात दादरच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली. त्यांचं म्हणणं, माहीम ‘मा’ने सुरू होतं आणि ‘म’वर संपतं, ‘मा’ आणि ‘म’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, तेव्हा हे रिटर्न नव्हे. खरं रिटर्न म्हणजे कडक, नयन, रबर, कणिक, नवीन. दोन्ही टोकांना तेच अक्षर, काना-मात्रेचीसुद्धा तफावत नाही.

“मग स्टेशनांत असं कुठलं?” काकूंनी विचारलं.

मास्तर बराच वेळ गप्प बसले. डोळे मिटून चर्चगेटपासून निघाले असावेत, कारण ओठ हलत होते. महालक्ष्मी ‘म’ने सुरू होऊन ‘मी’वर संपतं, गेलं. माहीम गेलं. वाणगावचंही तेच. शेवटी एकदम डोळे उघडून म्हणाले, “डहाणू रोड!”

म्हणजे कडक नियम लावला, तर रिटर्न तिकीट मिळणारं स्टेशन पार पश्चिम मार्गाच्या टोकाला. तिथवर लोकल जाते ती २०१३ पासून. “त्याआधी काय करायचं?” असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, “त्याआधी शुद्ध मराठी बोलायचं.” त्यावर तळमजल्यावरच्या इंजिनीयर पोराने आणखी एक फाटा फोडला. आपण ‘डहाणू रोड’ म्हणताना शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही, तो ‘ड’ पाय मोडलेला असतो. सुरुवातीच्या ‘ड’मध्ये मात्र ‘अ’ आहे. मग हेही रिटर्न नाही आणि कडकसुद्धा कडक नाही. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पाणी आणायला निघून गेला. ठराव असा झाला की काना-मात्रा धरायच्या नाहीत, फक्त व्यंजन बघायचं. जोडाक्षर आलं तर त्यातलं शेवटचं व्यंजन धरायचं, म्हणजे ‘महालक्ष्मी’ ‘म’वर संपते आणि ‘वांद्रे’ ‘र’वर.

तिसरा ठराव हद्दीचा. पश्चिम, मध्य, हार्बर आणि ठाणे-वाशी ही ट्रान्स-हार्बर एवढंच धरायचं. मेट्रो, मोनो, मेमू बाद. पुढे उरणची लाइन आली, तीही बाद, कारण ती स्टेशनं अजून कोणाच्या तोंडी बसलेली नाहीत. लोणावळा बाद, ती पुण्याची लोकल. या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

एवढे कायदे झाल्यावर खेळ निकोप व्हायला हवा होता. पण झालं उलटंच. तात्या जिंकायला लागले.

तात्या म्हणजे गिरणीतून बाहेर पडल्यावर आयुष्यभर करी रोडहून गाडी पकडलेला माणूस. ते खेळाची सुरुवात नेहमी एकाच शब्दाने करायचे: “दादर.” आणि वर्षानुवर्षं जिंकायचे. लोकांना वाटायचं, तात्यांना स्टेशनं जास्त पाठ आहेत. ती आम्हालाही पाठ होती. तात्यांना पाठ होती ती स्टेशनं नव्हेत, स्टेशनांची टोकं.

आता ‘र’ या अक्षराचा हिशेब बघा. पूर, नगर, घर, सर हे सगळे ‘र’वर संपतात. दादर, वांद्रे, अंधेरी, जोगेश्वरी, दहिसर, भाईंदर, विरार, घाटकोपर, मुंब्रा, बदलापूर, चेंबूर, बेलापूर, खारघर... ‘र’वर संपणारी स्टेशनं दोन डझनांहून जास्त निघतात. आणि ‘र’ने सुरू होणारी? रे रोड, रबाळे, राम मंदिर. बस्स. मुंबईतली निम्मी गर्दी ज्या अक्षरावर उतरते, तिथून पुढे जायला दारं तीनच.

बरं, त्या तीन दारांतून बाहेर पडून तुम्ही जाता कुठे, तेही बघा. रे रोड ‘ड’वर टाकतं. ‘ड’ची स्टेशनं चार. डॉकयार्ड रोड आणि डहाणू रोड ही दोन्ही रिटर्न, म्हणजे पुन्हा ‘ड’. डोंबिवली आणि खोपोलीच्या वाटेवरची डोलवली, या दोन्ही ‘ल’वर. रबाळे तर थेटच ‘ल’वर, ‘ळ’च्या ठरावाने. ‘ल’ची स्टेशनं दोन: लोअर परळ, जे त्याच ठरावाने रिटर्न ठरतं, आणि खोपोलीच्या आधीचं लौजी, जे ‘ज’वर जातं. ‘ज’ची स्टेशनं पुन्हा दोन, जोगेश्वरी आणि जुईनगर. आणि ही दोन्ही जातात ‘र’वर!

कागदावर लिहून बघा. र, ड, ल, ज. या चार अक्षरांत एकदा शिरलात की बाहेर पडायला वाटच नाही. एकूण अकरा स्टेशनं आहेत आणि ती एकमेकांकडेच बोट दाखवतात. कल्याण, ठाणे, बोरिवली, चर्चगेट ही सगळी मोठमोठी नावं तुमच्या डोक्यात नुसती बसून राहतात. त्यांचं अक्षर येतच नाही. ‘दादर’ म्हणणं म्हणजे समोरच्याला या अकरा स्टेशनांत कोंडून बाहेरून कडी लावणं, हे तात्यांना कुणी शिकवलं नव्हतं. करी रोडच्या फलाटावर उभं राहून, येईल त्या गाडीकडे बघत त्यांनी ते स्वतः काढलं होतं. गिरणीतल्या माणसाला धागा कुठे जाऊन कुठे परत येतो हे समजतंच, असं ते म्हणायचे.

अकराच स्टेशनं असल्यामुळे शेवटी अडकणार कोण, हे आधीच सांगता येतं. जुन्या काळी, म्हणजे राम मंदिर स्टेशन नव्हतं तेव्हा, ‘र’ला दोनच दारं होती. तात्या ‘दादर’ म्हणायचे. समोरचा ‘रे रोड’ म्हणाला, की तात्या रिटर्नच्या मोहात न पडता लगेच ‘डोंबिवली’ म्हणायचे. समोरच्याकडे आता ‘ल’. तो ‘लोअर परळ’ म्हणून ‘ल’ परत करायचा, तर तात्या ‘लौजी’. तो ‘जोगेश्वरी’, तात्या ‘रबाळे’, आणि पुन्हा ‘ल’. लोअर परळ संपलेलं, लौजी संपलेली. भेंडी.

बरं, समोरचा शहाणा निघाला आणि लोअर परळ राखून त्याने आधी ‘लौजी’ म्हटलं तर? तात्या ‘जोगेश्वरी’ म्हणायचे. आता समोरच्याला ‘र’, आणि उरलंय फक्त रबाळे. त्याने ‘रबाळे’ म्हणायचं, तात्यांनी ‘लोअर परळ’ म्हणायचं. पुन्हा भेंडी. आणि पहिल्याच डावाला रे रोड सोडून ‘रबाळे’ म्हटलं, तर तात्यांकडून ‘लौजी’, समोरून ‘जोगेश्वरी’, मग ‘रे रोड’ म्हणायची पाळी तात्यांची. तिथे डॉकयार्ड आणि डहाणू ही दोन रिटर्न एक तुझं एक माझं करून संपायची आणि डोंबिवली समोरच्याच्याच गळ्यात. त्यानंतर तात्यांचं ‘लोअर परळ’ राखलेलं असायचंच. कुठूनही जा, ‘दादर’ म्हणणारा जिंकतो. आम्ही हे नशीब समजत होतो. काकू तर त्याला सिद्धिविनायकाची कृपा म्हणायच्या.

मग डिसेंबर २०१६मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर नावाचं नवीन स्टेशन सुरू झालं. वर्तमानपत्रांत गर्दी, पूल, रिक्षा यांविषयी लिहून आलं. तात्यांच्या दादरवर काय परिणाम होईल याबद्दल एक ओळ नव्हती.

परिणाम कळायला पुढचा गणपती उजाडावा लागला. तात्यांनी नेहमीच्या ठसक्यात सुरुवात केली, “दादर.” समोर तिसऱ्या मजल्यावरची दहावीतली पोर होती. गणितात हुशार, म्हणून तिला भेंड्यांत कुणी घ्यायचं नाही. त्या दिवशी माणसं कमी होती.

“रे रोड,” ती म्हणाली.

“डोंबिवली.”

“लौजी.”

तात्या हसले. “जोगेश्वरी. बोल आता बेटा. रबाळेच म्हणणार ना?”

“राम मंदिर,” पोर म्हणाली.

गॅलरीत शांतता पसरली. राम मंदिर ‘र’ने सुरू होतं आणि ‘र’वर संपतं. पोरीने काही नवीन दिलं नव्हतं. तात्यांनी तिच्याकडे टाकलेला ‘र’ तिने तसाच त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. आता ‘रबाळे’ म्हणायची पाळी तात्यांची.

“रबाळे,” तात्या म्हणाले. आवाज खाली आला होता.

“लोअर परळ.”

तात्यांनी दहापर्यंतचे आकडे पूर्ण मोजू दिले. मधल्या वेळात त्यांनी ‘लोणावळा’ म्हणून बघितलं. “ती पुण्याची लोकल,” असं सगळी गॅलरी एका सुरात ओरडली. ठराव तात्यांनीच मांडलेला होता.

हरल्यावर तात्या म्हणाले, “असल्या शब्दाचा उपयोग काय? जिथून निघालो तिथेच उतरायचं, याला प्रवास म्हणतात का?” प्रवासात नसेल उपयोग, पण भेंड्यांत आहे. दोन्ही टोकांना सारखं अक्षर असलेला शब्द खेळाला कुठेच नेत नाही, फक्त पाळी बदलतो. ज्याच्या हातात असा एखादा शब्द उरला आहे त्याला आपली पनवती समोरच्याकडे सरकवता येते. आणि त्यात विषम-समचा मामला आहे. ‘ड’कडे डॉकयार्ड रोड आणि डहाणू रोड अशी दोन रिटर्न आहेत, ती एकमेकांना खाऊन टाकतात: एक तुम्ही वापरलं की दुसरं समोरचा वापरतो, पाळी पुन्हा होती तिथेच. ‘र’कडे पूर्वी एकही नव्हतं, आता एक आलं. शून्याचं एक झालं आणि वर्षानुवर्षांचा निकाल फिरला. त्या पोरीने हे सगळं वहीच्या मागच्या पानावर बाण काढून तपासलं होतं. आम्ही वही बघितली तेव्हा बाणांच्या शेजारी तिने ‘तात्या’ असं लिहून त्याखाली फुली मारलेली दिसली.

तात्यांनी वर्षभर कोणाशी फार बोलणं ठेवलं नाही. पुढच्या गणपतीत जागरणाला आले ते ताजेतवाने. मांडी घालून बसले, पानाची पिंक टाकून आले, पुन्हा मांडी घातली आणि म्हणाले, “राम मंदिर.”

पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तात्यांनी सुरुवातीलाच राम मंदिर खर्ची टाकलं होतं. आता तिच्यापुढे ‘र’, आणि दारं पुन्हा दोनच: रे रोड आणि रबाळे. म्हणजे २०१६च्या आधीची मुंबई. तात्यांनी एका शब्दात एक अख्खं स्टेशन पाडून टाकलं होतं. पुढचं सगळं जुन्या पाठाप्रमाणे पार पडलं. रे रोड, डोंबिवली, लोअर परळ, लौजी, जोगेश्वरी, रबाळे. भेंडी चढली. तात्यांनी त्यानंतर मुद्दाम मोठ्याने “जय श्रीराम” म्हटलं आणि दोन-तीन जणांचा भलताच गैरसमज झाला.

तेव्हापासून खेळ सुरू व्हायच्या आधी पहिला शब्द कुणी म्हणायचा, यावर अर्धा तास जातो. ज्याला पहिली पाळी तो ‘राम मंदिर’ म्हणणार हे पक्कं. मग एका वर्षी पहिल्या डावाला राम मंदिर चालणार नाही असा ठराव आला. त्याला तात्यांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या मते लोकशाहीत स्टेशनावर बंदी घालता येत नाही.

आता यात आणखी एक घोळ आहे आणि तो आमच्या दारातलाच. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावं बदलायचा निर्णय घेतला, मग विधिमंडळात तसा ठरावही झाला. शेवटचा शब्द केंद्राचा. चर्नी रोडचं गिरगाव, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी आणि आमच्या करी रोडचं लालबाग, असा तो प्रस्ताव. चाळीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. फक्त तात्या आणि ती पोर, जी तोवर इंजिनीयरिंगला गेली होती, दोघं कागद घेऊन बसली.

कारण हे नुसतं पाट्या बदलण्याचं काम नाही. डॉकयार्ड रोड गेलं, की ‘ड’चं एक रिटर्न जातं. दोनाचं एक उरतं, म्हणजे तिथला सम-विषम फिरला. डोंगरी आली, की ‘ड’वरून थेट ‘र’वर जायची नवी वाट झाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट लालबागची. ‘ल’ने सुरू होऊन ‘ग’वर संपणारं स्टेशन! त्या कोंडलेल्या चार अक्षरांतून बाहेर पडायला पहिल्यांदाच एक दार तयार होणार. ‘ग’वर गोरेगाव आहे. गोरेगाववरून ‘व’, आणि ‘व’ची रांग वांद्रे, विलेपार्ले, वसई, विरार, विक्रोळी, विद्याविहार करत वाशीपर्यंत पोचते. डझनभराहून जास्त भरतील.

मास्तर खूश आहेत. इंग्रजी नावं जाणार, मराठी येणार. गिरगावलाही स्टेशन मिळणार, त्याच ‘ग र ग व’ साच्याचं. काकू खूश आहेत, कारण ‘करी रोड’ ऐकून त्यांची दिल्लीची सून दरवेळी हसते.

तात्यांचं मत मात्र वेगळं. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, “लालबागचं नाव स्टेशनाला मिळतंय, अभिमान वाटतो. आपण सह्या करू, मोर्चा काढू, बँड मी सांगतो. फक्त एकच विनंती आहे. पाटी गणपती उलटल्यावर लावा. यंदाचं राम मंदिर मला अजून वसूल करायचंय.”